पाकीट पेटीत पडेपर्यंत

दिवाळी सरली की आमच्या शाखेत ड्राफ्टच्या काउंटरवर बारावीची पोरं दिसायला लागायची. ऐंशीचं दशक संपत आलेलं, गाव कराड आणि मी राष्ट्रीयीकृत बँकेतला कारकून. एरवी त्या काउंटरवर गुळाचे व्यापारी, खतांचे डीलर आणि कारखान्याचे शिपाई असायचे. या दिवसांत मात्र त्यांच्या मधे कोपरं मारत कॉलेजची पोरं घुसायची आणि त्यांच्या मागे खिशावर हात ठेवून उभे असलेले वडील. आयआयटीच्या जेईईचा एक ड्राफ्ट, रुडकी विद्यापीठ तेव्हा स्वतंत्र परीक्षा घ्यायचं त्याचा दुसरा, डॉक्टर व्हायचं असेल तर एएफएमसीचा आणि १९८८ पासून अखिल भारतीय वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा. प्रत्येकाचा अर्ज निराळा, ड्राफ्ट ज्याच्या नावाने काढायचा तो अधिकारी निराळा आणि तो जिथे वटायचा ते गावही निराळं.

ड्राफ्ट काढणं हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असायचा. स्लिप भरायची, रोख भरून पितळी बिल्ला घ्यायचा आणि बाकावर बसायचं. आत एक जण रजिस्टरात नोंद करी, दुसरा ड्राफ्ट लिही, आडवी ‘इतक्या रुपयांच्या आत’ अशी रक्कम घाली, म्हणजे पुढे कुणी शून्य वाढवू नये. मग दोन अधिकाऱ्यांच्या सह्या. त्यातला एक नेमका चहाला गेलेला असायचा. पोरगं ड्राफ्ट हातात घेऊन नाव वाचायचं, मागच्या बाजूला स्वतःचं नाव, पत्ता आणि अर्जाचा क्रमांक लिहायचं आणि कमिशनचे पैसे वेगळे का घेतले म्हणून वडील आमच्याकडे बघायचे.

पण मला सांगायचंय ते ड्राफ्ट काढण्याबद्दल नाही, परत आणण्याबद्दल. दर हंगामात त्यातली काही पोरं पुन्हा काउंटरवर यायची. ड्राफ्ट तसाच कोरा करकरीत, वहीच्या पानांत दाबून ठेवलेला. कारणं तीच ती. दोन परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आल्या. केंद्र लांबच्या शहरात पडणार असं कळलं. फिजिक्सच्या सरांनी सहामाहीचे मार्क बघून ‘तू इथलंच बघ’ असं सांगितलं. एका मुलीच्या आजोबांनी तर रुडकी नकाशात शोधली आणि तिथेच विषय संपला.

अशा वेळी आमचं काम सरळ असायचं. ज्याने ड्राफ्ट काढला त्याचा अर्ज घ्यायचा, त्याची सही मूळ स्लिपवरच्या सहीशी ताडून बघायची, रजिस्टरात ती नोंद शोधून तिच्यावर लाल शाईने रद्दची खूण करायची आणि ज्या शाखेवर ड्राफ्ट होता तिला तसं कळवायचं. रद्द करण्याचा आकार कापून बाकीचे पैसे परत. कमिशन मात्र गेलं ते गेलं. इथे एक गंमत वारंवार व्हायची. पोरगं एकटंच यायचं आणि स्लिपवर सही असायची वडिलांची. पैसे वडिलांनाच मिळणार म्हटल्यावर पोराचा चेहरा पडायचा, कारण परीक्षेतून अंग काढून घेतल्याची बातमी अजून घरी पोचलेली नसायची.

या सगळ्याला एकच अट होती. ड्राफ्ट अजून ज्याच्या नावाने काढला त्याच्या हाती गेलेला नसावा. ड्राफ्ट ही बँकेने दिलेली हमी असते. ती समोरच्याच्या हाती पडली की काढणाऱ्याच्या सांगण्यावरून बँक पैसे अडवत नाही. तेव्हा अर्ज रजिस्टर पोस्टाने रवाना झाला की आमच्या काउंटरवर येऊन काही उपयोग नसायचा. ड्राफ्ट काढल्यापासून पाकीट पोस्टात पडेपर्यंतचे ते दोन-चार दिवस, तेवढीच माघारीची मुदत. ती कुठल्या माहितीपुस्तिकेत छापलेली नव्हती. कागद हातात होता म्हणून आपोआप मिळालेली होती.

ती सगळ्यांना सारखी मिळत होती असं मात्र नाही. पाटणच्या पलीकडच्या खेड्यातून येणाऱ्याला ड्राफ्ट काढायला एक खेप आणि रद्द करायला दुसरी खेप म्हणजे दोन दिवसांचा रोजगार आणि एसटीचं भाडं. पुष्कळांना ड्राफ्ट रद्द करता येतो हेच ठाऊक नसायचं. आमच्याकडे सहा महिन्यांची मुदत उलटून गेलेले ड्राफ्ट घेऊन लोक येत आणि ‘हा आता फुकट गेला का?’ असं विचारत. फुकट गेलेला नसायचा; ज्या शाखेने तो काढला तिथून मुदत वाढवून घेता येई किंवा रद्द करता येई. पण ते सांगायला बँकेत कुणी ओळखीचं असावं लागायचं. पुढे १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने ड्राफ्टची मुदत तीन महिन्यांवर आणली, तोवर परीक्षांचे ड्राफ्ट संपतच आले होते.

समोरच्या पोस्टात याच्या नेमका उलटा कारभार होता. यूपीएससी आणि स्टाफ सिलेक्शनच्या अर्जांना ड्राफ्ट लागत नसे, ‘सेंट्रल रिक्रूटमेंट फी’ची तिकिटं लागत. ती पोस्टात विकत घ्यायची, अर्जावरच्या चौकटीत चिकटवायची आणि त्याच पोस्टाकडून त्यांच्यावर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का असा पडायला हवा की त्याचा काही भाग तिकिटावर आणि काही अर्जाच्या कागदावर येईल. तशी सूचनाच असे. आमच्या पोस्टातले एक जुने कारकून हे काम फार निगुतीने करत. अर्ज खिडकीच्या दगडावर सपाट ठेवायचा, शिक्का शाईच्या गादीवर दोनदा टेकवायचा आणि तिकिटाच्या कडेवर नेम धरून एकच ठोका. तो ठोका पडला की तिकीट त्या अर्जापासून सुटत नसे आणि पैसेही. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला माघारीची सोय होती, दुसऱ्या बाजूला नव्हती, आणि दोन्हीकडची पोरं एकाच एसटीने घरी जायची.

मी निवृत्त झालो तोवर परीक्षेचा पैसा कागदावरून पडद्यावर गेला होता. आधी चलन छापून ते बँकेत भरायचं असं एक मधलं पर्व येऊन गेलं, मग कार्ड, मग यूपीआय. जेईई मेन २०१९ पासून नॅशनल टेस्टिंग एजन्सी, म्हणजे एनटीए, घ्यायला लागली. आता अर्ज भरणं आणि पैसे पाठवणं यांच्यात दोन दिवस सोडाच, दोन मिनिटंही नसतात. पैसे कापले गेल्याशिवाय अर्ज पुराच होत नाही. ड्राफ्ट वहीत दाबून विचार करायला जी सवड मिळायची ती गेली. तिच्या जागी माहितीपुस्तिकेत एक वाक्य आलं, की एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. २०२४ च्या जेईई मेनला खुल्या गटातल्या मुलाला एका सत्राचे १००० रुपये भरावे लागले. अर्ज भरून तो परीक्षेला गेला नाही, तर ते पैसे गेले.

या नियमाला एक मोठा अपवाद मी जवळून पाहिला, तो २०२१ साली. त्या वर्षी जेईई मेन फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि मे अशी चार वेळा ठेवली होती आणि चारांतला सर्वांत चांगला निकाल धरायचा होता. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळणार होती. विद्यार्थ्याने हवं तर एकाच सत्राचे पैसे भरावेत, हवं तर चारही सत्रांचे एकदम. आणि एकदम भरले तरी पुढच्या सत्राच्या अर्जाची खिडकी उघडली की त्यातून माघार घेता येईल, त्या सत्राची फी एनटीए परत करेल, असं नियमातच लिहिलेलं होतं. परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतःहून दिलेली अशी सोय मी त्याआधी पाहिली नव्हती.

आमच्या शेजारच्या मुलाने चारही सत्रांचे भरले होते. एका सत्राचे ६५० म्हणजे २६०० रुपये. मुलींना निम्मी फी होती, यावरून त्याची बहीण त्याला चिडवायची. घरात ऑनलाइन चालणारं कार्ड नव्हतं, म्हणून आईने सायबर कॅफेवाल्याला रोख दिले आणि त्याने आपल्या कार्डावरून भरले. फेब्रुवारी आणि मार्चचं सत्र त्याने दिलं. मार्चचा निकाल २४ मार्चला लागला आणि दुसऱ्याच दिवसापासून एप्रिलच्या सत्राची खिडकी उघडली, ती ४ एप्रिलपर्यंत. एप्रिलची परीक्षा होती २७ ते ३० तारखांना. इकडे आपल्या बोर्डाची बारावी २३ एप्रिलपासून जाहीर झालेली. बारावीच्या पेपरांच्या मधे जेईई कशी द्यायची? त्याने माघार घ्यायचं ठरवलं आणि मी बँकेतला म्हणून विचारायला आला. ‘काका, साडेसहाशे खरंच परत येतील ना?’

मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो हा, की पैसे कुणाच्या कार्डावरून गेले. कारण परतावा हा अर्जदाराच्या नावाने निघत नाही. ज्या कार्डावरून किंवा खात्यातून भरणा झाला तिकडेच तो माघारी जातो. ड्राफ्टच्या काळात पोराऐवजी वडिलांना पैसे मिळायचे, तसे आता कॅफेवाल्याला मिळणार होते. फरक एवढाच की वडील त्याच घरात असायचे आणि ते कुणाच्या सहीने मिळाले हे स्लिपवर दिसायचं. कॅफेवाल्याने त्या आठवड्यात पंचवीस-तीस पोरांचे अर्ज भरलेले असणार. त्यातले कुणाचे साडेसहाशे कुठल्या तारखेला परत आले, हे त्याला तरी कसं कळावं?

तेव्हा आम्ही एक केलं. माघारीची नोंद झाल्यावर नवीन कन्फर्मेशन पेज उतरवून घेतलं, त्यात एप्रिलचं सत्र आता नाही हे तपासलं. मूळ भरण्याचा व्यवहार क्रमांक आणि तारीख एका कागदावर लिहिली आणि तो कागद कॅफेवाल्याच्या दुकानात, त्याच्या संगणकाच्या कडेला चिकटवला. कार्डावर परतावा येतो तेव्हा त्यालाही एक संदर्भ क्रमांक असतो, त्याला बँकेत एआरएन म्हणतात. समोरचा ‘आम्ही पाठवले’ म्हणतो आणि आपल्याला दिसत नाहीत, तेव्हा हा क्रमांक मागून तो कार्ड देणाऱ्या बँकेला दिला की पैसे नेमके कुठे अडकलेत ते कळतं. नुसतं ‘रिफंड आला नाही’ असं सांगून काउंटरवरचा माणूस काहीच शोधू शकत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

इथे लोक एक गल्लत फार करतात, म्हणून थांबून सांगतो. माघारीचा परतावा वेगळा आणि फसलेल्या व्यवहाराचे पैसे वेगळे. खात्यातून पैसे कापले गेले पण अर्जावर ‘पेमेंट पेंडिंग’ दिसतंय, म्हणून मुलाने पुन्हा भरले आणि दोनदा गेले, तर ते पैसे परत मागायला परीक्षेतून बाहेर पडावं लागत नाही. तो तुमचा हक्कच आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात त्याला मुदत घालून दिली आहे. यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डाने दुकानदाराला, म्हणजे इथे परीक्षा घेणाऱ्याला, पाठवलेले पैसे त्याच्याकडे पोचल्याचं कळलंच नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. मात्र दोन्ही भरणे नीट पोचले असतील तर हे परिपत्रक लागू होत नाही, तेव्हा परीक्षेच्या मदतकक्षालाच गाठावं लागतं. माघारीच्या पैशाला तर अशी कुठलीच मुदत नाही. तिथे माहितीपुस्तिकेत काय लिहिलंय तेच खरं.

आणि तिथे बहुतेक वेळा ‘नाही’ असंच लिहिलेलं असतं. त्याचा राग येतो, पण परीक्षा घेणाऱ्याचीही एक बाजू आहे. अर्जाची मुदत संपली की त्या आकड्यावर केंद्रं ठरतात, संगणकाच्या जागा धरल्या जातात, कागदी परीक्षा असेल तर प्रश्नपत्रिका छापल्या जातात, पर्यवेक्षक नेमले जातात. तुम्ही आला नाहीत तरी तुमच्या खुर्चीचा खर्च झालेला असतो. यूपीएससीने तर हे उघड बोलून दाखवलं. नागरी सेवा पूर्वपरीक्षेला दहा लाखांवर अर्ज येत आणि प्रत्यक्षात निम्मेच बसत, म्हणून आयोगाने २०१८ मध्ये अर्ज मागे घेण्याची सोय जाहीर केली आणि २०१९ च्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेपासून ती सुरू केली. मोबाइलवर एक ओटीपी, ईमेलवर दुसरा. दोन्ही घातले की अर्ज मागे जायचा. एकदा मागे घेतला की पुन्हा जिवंत होत नसे. फी मात्र परत मिळत नसे. आता १०० रुपये तसेही गेले आणि घरी बसूनही परीक्षा बुडतेच, तर दोन ओटीपी घालून आयोगाचा खर्च वाचवायला किती जण बसले असतील? मला तरी ती सोय म्हणजे पुढच्याच्या सोयीसाठी आपण रांगेतून उठण्यासारखी वाटली. भलेपणा झाला, पण त्यावर हिशोब चालत नाही.

रेल्वेने हेच गणित उलटं मांडलं आणि ते मला जास्त व्यवहारी वाटतं. २०१८ च्या मोठ्या भरतीत फी एकदम ५०० रुपये केली, त्यावर ओरड झाली. नियम असा होता की जो पहिल्या संगणकीय परीक्षेला प्रत्यक्ष बसेल त्याला ४०० रुपये परत आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा ज्या गटांची फी २५० होती त्यांना सगळेच परत. बँकेचा आकार तेवढा कापून. म्हणजे माघार घेणाऱ्याला नाही, हजर राहणाऱ्याला परतावा. शिवाय पैसे कुठल्या खात्यात हवेत ते उमेदवारालाच भरायला सांगितलं, त्यामुळे कॅफेवाला मधे येत नाही. अडचण आली ती खाते क्रमांक आणि आयएफएससी चुकवणाऱ्यांची. आमच्या शाखांची विलीनीकरणं झाली, कोड बदलले आणि मुलांनी मात्र जुन्या पासबुकावर बघून ते भरले.

कोर्टात जाऊ म्हणणारेही भेटतात. ग्राहक आयोगाकडे गेलात तर बिहारच्या परीक्षा मंडळाचा खटला तुमच्यासमोर ठेवतील. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं, की परीक्षा घेणारं मंडळ काही सेवा विकत नाही, परीक्षार्थी हा ग्राहक नाही आणि परीक्षा फी म्हणजे सेवेचं मोल नव्हे. साडेसहाशे रुपयांसाठी हे ऐकून घ्यायला जाण्यापेक्षा भरण्याआधी तारखा जुळवून बघणं परवडतं, असं मी पोरांना सांगतो. ते ऐकत नाहीत. २०२१ लाही चारही सत्रांचे एकदम भरणारेच जास्त होते.

शेजारच्या मुलाचं पुढे असं झालं. त्याने बारावीसाठी म्हणून जेईईच्या एप्रिल सत्रातून माघार घेतली. १२ एप्रिलला बारावीच पुढे ढकलली गेली. १८ एप्रिलला ते एप्रिलचं सत्रही पुढे गेलं आणि शेवटी जुलैत झालं. जूनच्या सुरुवातीला बारावीची परीक्षा रद्दच झाली. ज्या पेपरांसाठी त्याने दुसरा पेपर सोडला होता, ते कधी झालेच नाहीत. एप्रिलच्या मध्यापासून टाळेबंदी, त्यामुळे कॅफेही बंद. साडेसहाशे आले की नाही हे विचारायचं कुणाला? कॅफेवाला गावी गेलेला, फोन उचलला तर म्हणायचा, ‘दुकान उघडल्यावर बघू, स्टेटमेंट तिकडंच आहे.’

जूनमध्ये दुकान अर्ध्या शटरने उघडलं. संगणकाच्या कडेचा आमचा कागद तसाच होता, टेपला धूळ लागलेली. कॅफेवाल्याने कार्डाचं स्टेटमेंट छापून काढलं आणि आम्ही दोघं पट्टी लावून ओळी बघत बसलो. ६५० च्या बऱ्याच नोंदी होत्या, सगळ्या जमेच्या. म्हणजे माघार घेणारा आमचाच मुलगा एकटा नव्हता. तारीख आणि क्रमांक ताडून त्याची नोंद सापडली. बाकीच्या नोंदी कुणाच्या, हे कॅफेवाल्याला आठवेना. मग त्याने वही काढली आणि एकेकाला फोन लावायला घेतला. त्या वेळी मला त्याच्याबद्दल आदर वाटला. लाल शाईचं रजिस्टर आमच्याकडे बँकेच्या पैशाने असायचं, याने ते स्वतःहून ठेवलं होतं.

मुलगा पैसे घ्यायला आला तेव्हा एमएचटी-सीईटीचे अर्ज नुकतेच सुरू झाले होते, फी ८०० रुपये. ‘ते साडेसहाशे राहू द्या तुमच्याकडेच,’ तो कॅफेवाल्याला म्हणाला, ‘वर हे दीडशे घ्या आणि सीईटीचा भरून टाका.’ भरण्याआधी मी त्याला माहितीपुस्तिकेतलं परताव्याचं वाक्य वाचायला लावलं. त्याने वाचलं, ‘नाही मिळत,’ म्हणाला आणि कॅफेवाल्याने स्वतःचं कार्ड काढायच्या आत आईचा मोबाइल पुढे केला. तिने मधल्या काळात यूपीआय सुरू करून घेतलं होतं. मग साडेसहाशे रोखीने परत घेतले आणि आठशे आईच्या खात्यातून गेले.